फोटोत दिसलेले दाढीतले गॅप : माझ्या पुतण्याची केस

माझ्या पुतण्याने मला एक फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "काका, हे बघा, उडवून टाकू का सगळी?" फोटोत तो मित्रांच्या घोळक्यात उभा, बरोबर डोक्यावर दिवा, आणि दाढी अशी दिसत होती की कुणीतरी खोडरबर घेऊन मधेमधे पुसलीये. वय 24. गेली तीन वर्षं तो दाढी वाढवायला घेतो, तिसऱ्या आठवड्यात वैतागतो आणि साफ करून टाकतो. मी वीसएक वर्षं केस-दाढीचंच काम करतोय, ही तक्रार घेऊन पोरं रोज खुर्चीत बसतात, पण खुर्चीतली वीस मिनिटं वेगळी आणि एकाच चेहऱ्याकडे आठ आठवडे नीट लक्ष ठेवणं वेगळं. याच्या बाबतीत मी दर रविवारी फोटो काढून घेतले, मापं लिहून ठेवली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी फोटोचंच बघू

मी त्याला पहिल्यांदा सांगितलं की या फोटोवरून काहीच ठरवायचं नाही. डोक्यावरून पडणारा उजेड गालाच्या हाडावर थेट पडतो, तिथली कातडी चमकते आणि हाडाच्या खालचा भाग सावलीत जातो, म्हणजे गालाचा वरचा विरळ भाग आहे त्यापेक्षा उजळ आणि खालचा दाट भाग आहे त्यापेक्षा काळा दिसतो, आणि या दोन्हींतला फरक डोळ्याला गॅप म्हणून दिसतो. समोरून फ्लॅश मारला तर त्याहून वाईट, कारण तो उजेड केसांच्या मधून सरळ कातडीवर जातो आणि बारीक केस तर गायबच होतात. वर मोबाईल स्वतःहून चेहरा गुळगुळीत करत असेल तर तो मुरुमाच्या डागांबरोबर बारीक केसही पुसून टाकतो. त्याच्या मोबाईलमध्ये ते सेटिंग चालू होतं, त्याला माहीतही नव्हतं.

म्हणून फोटो परत काढायला लावले. दिवसा खिडकीसमोर तोंड करून उभं राहायचं, मागचा कॅमेरा वापरायचा, दुसऱ्या कुणालातरी एक-दीड मीटरवरून काढायला सांगायचं, कारण हात लांब करून सेल्फी काढला की नाक आणि ओठ मोठे होतात, गाल मागे सरकतात आणि मापं चुकतात. दाढी धुऊन पूर्ण कोरडी हवी, तेल नको. ओले किंवा तेलकट केस एकमेकांना चिकटून बटा होतात आणि बटांच्या मधून कातडी उघडी पडते, हे तर कुणीही आरशासमोर करून बघू शकतं. एक फोटो समोरून, एक एक दोन्ही गालांचा, आणि एक हनुवटी वर करून गळ्याचा. गालाला लागून मिलिमीटरची छोटी पट्टी धरायला लावली.

नव्या फोटोंमध्ये निम्म्या तक्रारी गेल्या. उरल्या त्या चार जागा, आणि त्या खऱ्या होत्या.

चार जागा

पहिली, डाव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण दोन बोटं मागे, एक लांबट गोल जागा, 12 मिलिमीटर उंच आणि 9 रुंद. तिच्या चारी बाजूंनी चांगले काळे केस. दुसरी, उजव्या गालाचा वरचा भाग, तिथे गोल वगैरे काही नाही, नुसतेच इकडेतिकडे विखुरलेले केस, वर जाऊ तसे कमी कमी होत गेलेले. तिसरी, उजव्या बाजूला मिशीचं टोक आणि हनुवटीची दाढी यांच्या मधे 7 मिलिमीटरची मोकळी पट्टी, म्हणजे मिशी दाढीला जुळतच नव्हती. चौथी, उजव्या जबड्यावर कानाच्या खाली, तिथे फोटोत टक्कल दिसत होतं पण बोट फिरवलं की केस लागत होते. तो भोवरा निघाला. डोक्यावर असतो तसाच, केस गोल फिरून आडवे झोपतात आणि मधे कातडी दिसते. केस कमी नाहीत, फक्त दिशा विचित्र.

गॅप का पडतात हे पण त्याला हवं होतं, कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की हार्मोन कमी असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. दाढीचे केस पुरुषी हार्मोनमुळे जाड होतात हे खरं, पण प्रत्येक मूळ त्या हार्मोनला किती दाद देतं हे वेगवेगळं असतं, आणि ते बरंचसं घराण्यातून येतं. म्हणून एकाच गालावर एक मूळ जाड काळा केस देतं आणि शेजारचं अजून लव देत बसतं. क्रमही साधारण ठरलेला असतो, आधी मिसरूड फुटतं, मग हनुवटी, मग कल्ले आणि जबडा, गाल आणि मिशी-दाढीचा सांधा हे सगळ्यात शेवटी भरतात, काहींचे तिशीपर्यंत भरत राहतात, काहींचे कधीच पूर्ण भरत नाहीत. 24 व्या वर्षी नेमक्या याच दोन जागा रिकाम्या असणं यात आजार काही नाही. आणि वारंवार वस्तरा मारल्याने दाट येते हा पण गैरसमज. वस्तऱ्याने केसाचं निमुळतं टोक जातं आणि बोथट टोक उरतं, ते हाताला खरखरीत लागतं, मुळं तेवढीच राहतात.

पण डाव्या गालावरची ती गोल जागा बघून मी आधी एक गोष्ट तपासली, कारण गोल जागा म्हटलं की चाई आहे का हे बघावंच लागतं. चाई बहुधा अचानक पडते, चांगली दाढी होती आणि काही दिवसांत नाण्याएवढी जागा साफ झाली असं माणूस सांगतो, तिथली कातडी गुळगुळीत लागते, आणि कडेला कधीकधी असे तुटके केस दिसतात जे टोकाला जाड आणि मुळाशी बारीक असतात. त्याच्या जुन्या फोटोंमध्ये शोधलं तर दोन वर्षांपूर्वीही तीच जागा, तेवढीच, आणि भिंगातून बघितलं तर आत बारीक फिकट लव. म्हणजे चाई नाही, तिथली मुळं अजून जागी व्हायची आहेत. जागा नवी असती, वाढत असती, किंवा खाज, कोंड्यासारखे पापुद्रे, पुळ्या, ओढला की सहज निघणारा केस असं काही असतं तर मी ट्रिमरला हातही लावला नसता, कारण खाज-पापुद्रे-पुळ्या हे बुरशीचं लक्षण असू शकतं आणि ती ट्रिमरमधून दुसऱ्यालाही लागते. तिथे आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं, स्टाईल नंतर.

छप्पर आहे का छप्पर नाही

आता मुद्द्याचं. लोक विचारतात की गॅप झाकायला दाढी लांब ठेवू का बारीक, आणि याचं एकच उत्तर कुणी देत असेल तर त्याने त्या चेहऱ्याकडे नीट बघितलेलं नाही. मी एकच गोष्ट बघतो, गॅपच्या वर काय आहे. गालावरचे केस साधारण खाली वाढतात, म्हणजे गॅप झाकणारे केस हे गॅपच्या वरून येणार, जसं शाकारलेल्या छपरात वरची पेंढी खालच्या जागेवर पडते. गॅपच्या वर दाट केसांची पट्टी असेल तर लांबी वाढवून तो झाकता येतो, याला मी छप्पर असलेला गॅप म्हणतो. वर काहीच नसेल, म्हणजे गॅप थेट वरच्या मोकळ्या गालाला जाऊन मिळत असेल, तर खालून कितीही लांब दाढी वाढवा, तो झाकायला वरून कुणी येणार नाही. उलट खाली दाढी जितकी दाट होईल तितका वरचा विरळ भाग जास्त उठून दिसेल. तो भाग काढूनच टाकावा लागतो, म्हणजे गालावरची रेघ खाली आणायची.

त्याच्या डाव्या गालाला छप्पर होतं. गोल जागेच्या वर दाट केसांची 10 मिलिमीटरची पट्टी होती. गॅपची उंची 12, पण 12 मिलिमीटर केस पुरत नाहीत, कारण केस पट्टीसारखा सरळ खाली येत नाही, बाहेर येऊन वळतो, त्याचे तर जरा कानाकडे वळतात. मी अंदाजाने दीडपट धरतो, म्हणजे 18 मिलिमीटर. दाढी दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढते, त्याची मापं घेतली तर आठवड्याला अडीच मिलिमीटरच्या आसपास निघाली. सुरुवातीला 3 मिलिमीटरचे खुंट होते, म्हणजे उरलेल्या 15 मिलिमीटरला सहा आठवडे. हा हिशोब त्याच्यासमोर मांडला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की तो दर वेळी तिसऱ्या आठवड्यात का हरतो. तिसऱ्या आठवड्यात केस 10 मिलिमीटरचे असतात, म्हणजे गॅपची कड चांगली काळीभोर उठावदार झालेली असते पण वाकून आत पडण्याएवढी लांबी आलेली नसते. दाढी सगळ्यात वाईट दिसते ती नेमकी तेव्हाच, आणि तो तेव्हाच ट्रिमर हातात घ्यायचा.

उजव्या गालाच्या वरच्या भागाला छप्पर नव्हतं, तिथे रेघ खाली आणायचं ठरलं. उजवीकडचा मिशीचा सांधा हा पण एका अर्थाने छप्पर असलेला गॅप आहे, फक्त त्याचं छप्पर म्हणजे मिशी. मिशीच्या टोकाचे केस बाहेर आणि खाली वळवता येतात, 7 मिलिमीटर झाकायला 10-11 मिलिमीटरची मिशी पुरते, अट एवढीच की टोकाकडचा एक तृतीयांश भाग अजिबात कापायचा नाही. भोवऱ्याला लांबी आणि कंगवा, दुसरं काही नाही.

आठ आठवडे

पहिल्या दिवशी मी फक्त दोन कामं केली. एक गळ्याची रेघ. तो आजवर जबड्याच्या हाडावरच रेघ मारत आला होता आणि खालचं सगळं वस्तऱ्याने काढायचा, त्यामुळे हनुवटी खालून उघडी पडायची आणि दाढी चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी वाटायची. विरळ दाढीवाल्यांमध्ये ही चूक मला सतत दिसते आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण जबड्याखालचे केस हे बहुतेकांचे सगळ्यात दाट केस असतात, नेमके तेच फेकून देतात. कंठमणीच्या वर दोन बोटं ठेवायची, तिथून दोन्ही कानांच्या मागे वळत जाणारी रेघ, तिच्या खाली साफ आणि तिच्या वर हात लावायचा नाही. दुसरं काम उजव्या गालाची रेघ. कल्ल्याच्या खालच्या टोकापासून मिशीच्या कोपऱ्यापर्यंत एक किंचित खोलगट रेघ, आधीच्या विखुरलेल्या केसांपेक्षा साधारण 15 मिलिमीटर खाली. डावी रेघ पण तिच्या जवळपास आणली, पण तिथे छपराची 10 मिलिमीटरची पट्टी पूर्ण राखून, म्हणून डावी बाजू उजवीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर राहिली. समोरून बघणाऱ्याला हा फरक कळत नाही, गॅप मात्र लगेच कळतो, म्हणून मी इथे सारखेपणाचा हट्ट धरत नाही.

रेघ वस्तऱ्याने कोरून काढली नाही. विरळ दाढीला धारदार रेघ मारली की एका बाजूला कोरी कातडी आणि दुसऱ्या बाजूला विरळ केस असे शेजारीशेजारी येतात आणि विरळपणा मोजता येईल इतका स्पष्ट होतो. त्यापेक्षा कडेची बोटभर पट्टी एक नंबरच्या गार्डने, म्हणजे 3 मिलिमीटरवर, तिच्या खालची दोन नंबरने 6 वर, आणि मग पूर्ण लांबी, असं हळूहळू उतरवत आणायचं. डाव्या गालावर मात्र हे उतरवणं गॅपच्या बरंच मागे, कल्ल्याजवळच थांबवलं, छपराच्या केसांना गार्ड लागू दिला नाही.

मग वाट बघणं. दुसऱ्या आठवड्यात खाज आली, ती धुणं आणि आंघोळीनंतर दोन-तीन थेंब तेल यात भागली. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, "काका, परत तसंच दिसतंय." मी म्हटलं, "तसंच दिसणार होतं, पट्टी लावून माप सांग." 10 मिलिमीटर. हिशोबाप्रमाणे चाललं होतं.

चौथ्या आठवड्यात गडबड झाली. कुठेतरी जायचं होतं म्हणून त्याने घरीच गालाची रेघ नीट करायला घेतली, डावी उजवीसारखी करायच्या नादात डावीकडे 4 मिलिमीटर खाली गेला. म्हणजे छपराच्या 10 पैकी 6 मिलिमीटरचीच पट्टी उरली. उरलेले केस लांब होते पण संख्येने कमी, त्यामुळे पाचव्या आठवड्यात ते गॅपवर पडले तरी आरपार कातडी दिसत होती, जसं विरळ पडद्यातून पलीकडचं दिसतं. कापलेले केस परत त्या लांबीला यायला आणखी सहा आठवडे लागणार हे मी त्याला सांगितलं, पण सगळं सोडायची गरज नव्हती. लव असलेल्या जागेसाठी एक दुसरा मार्ग असतो, रंग. गॅपच्या आत जी फिकट लव असते तिला दाढीच्या रंगापेक्षा एक छटा हलका रंग लावला की ती दिसायला लागते, आणि कातडी आणि केस यांच्यातला फरक कमी होतो. डोळा गॅप ओळखतो तो या फरकावरूनच, म्हणून गोरी कातडी आणि काळेभोर केस यांना छोटासा गॅपही महागात पडतो आणि जिथे कातडी-केस रंगाने जवळ आहेत तिथे मोठा गॅपही चालून जातो. रंगाआधी कानामागे थोडासा लावून दोन दिवस थांबलो, कारण काळ्या रंगांमधल्या रसायनाची काहींना जोरात ॲलर्जी येते, चेहरा सुजतो. त्याला काही झालं नाही. सहाव्या आठवड्यात रंग लावला, तीन मिनिटांतच धुतला, कारण लव पटकन रंग धरते आणि जास्त वेळ ठेवला की कातडीवरच डाग पडतो.

सहाव्या आठवड्यात डाव्या गालावर केस 17 मिलिमीटर, रंगाच्या मदतीने गॅप दोन हातांवरून दिसेनासा झाला. जवळ येऊन बोटाने केस बाजूला केले तर दिसतो, अर्थातच, तो गेलेला नाही. मिशीचा सांधा त्याआधीच, पाचव्या आठवड्यात जुळला. भोवऱ्यासाठी रोज आंघोळीनंतर दाढी किंचित ओली असताना कोमट हवा वरून खाली सोडत कंगवा फिरवायचा, केस वाळताना ज्या दिशेला असतो तीच दिशा दिवसभर धरतो, एवढं साधं आहे ते. एकदा त्याने घाईत दाढी खालून वर विंचरली आणि त्या दिवशीच्या फोटोत भोवरा परत टक्कल म्हणून हजर. आठव्या आठवड्यात केस 22-23 मिलिमीटरचे झाले तेव्हा मी हनुवटीखाली चौकोनी आकार दिला, बाजूने फुललेले केस कातरीने घेतले, गालावर ट्रिमर नाही. शेवटी जे झालं त्याला छोटी चौकोनी फुल दाढी म्हणा, गालाची रेघ खाली, कडा उतरवलेल्या, मिशी टोकाला भरलेली.

बाकीच्या स्टाईल त्याच्यावर का नाही

हे सुरू करायच्या आधी बाकीचे पर्याय पण आम्ही बघितले होते, कारण सहा आठवडे थांबायची तयारी सगळ्यांची नसते.

सगळ्यात जास्त सुचवतात ते 2-3 मिलिमीटरचे खुंट, आणि ज्याची दाढी सगळीकडे सारखीच विरळ आहे त्याच्यासाठी मीही तेच सुचवेन, कारण त्या लांबीत कातडी आणि केस मिळून एक सावलीसारखा रंग होतो, विरळपणा त्यात विरून जातो. त्याच्या उजव्या गालाला हे छान चाललं असतं. पण डावीकडची गोल जागा चारी बाजूंनी दाट केसांत आहे, खुंटांमध्ये ती ठशासारखी दिसते. गोल गॅप असलेल्याला खुंट ठेवायला सांगणं ही चुकीचीच सूचना.

फ्रेंच कटमध्ये गाल पूर्ण साफ, म्हणजे डावा गॅप आणि उजवा विरळ गाल दोन्ही प्रश्न एका झटक्यात संपतात. पण त्यात मिशी आणि हनुवटी मिळून तोंडाभोवती पूर्ण गोल लागतो, आणि त्याचा गोल उजव्या सांध्याला तुटत होता. तुटलेला गोल हा सगळ्यात आधी डोळ्यात भरतो. ज्याचे सांधे भरलेले आहेत आणि फक्त गाल रिकामे आहेत त्याने मात्र दुसरीकडे बघूच नये, त्याच्यासाठी हीच.

बाल्बोमध्ये हा सांधा मुद्दामच तोडलेला असतो. मिशी वेगळी, खाली ओठाखालचा पुंजका, हनुवटी आणि जबड्यावरून दोन्हीकडे थोडी मागे गेलेली दाढी, कल्ले नाहीत, गाल साफ. इटलीचा विमानदलाचा मंत्री इटालो बाल्बो याच्या नावावरून हे नाव पडलं. मिशी-दाढी न जुळणाऱ्यांना मी ही नेहमी सुचवतो, कारण जो दोष वाटत होता तोच तिचा आकार होतो. पुतण्याला मी सांगितलं होतं की सहा आठवडे जमत नसतील तर बाल्बो, तीन आठवड्यांत होईल. त्याला कल्ल्यांसकट दाढी हवी होती म्हणून थांबला. ज्याच्या जबड्यावरही केस कमी आहेत त्याने आणखी खाली उतरून व्हॅन डाइक करावी, फक्त मिशी आणि हनुवटीचा टोकदार भाग, एवढे केस तर जवळपास प्रत्येकाला असतात.

जबड्याच्या कडेने जाणारी बारीक पट्टी मात्र मी कुठल्याच विरळ दाढीला लावत नाही. पट्टी जितकी बारीक तितका तिच्यातला एकेक गॅप मोठा दिसतो, आणि याचा तर भोवरा बरोबर त्या रेषेवर बसलेला.

मिनॉक्सिडिल लावू का हेही त्याने विचारलं. ते डोक्याच्या केसांसाठीचं औषध आहे, दाढीसाठी डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात, काहींना लव जाड व्हायला त्याचा फायदा होतो, पण महिनोन्‌महिने रोज लावावं लागतं, कातडी कोरडी पडते, खाज येते, काहींना छातीत धडधड होते, आणि घरात मांजर असेल तर तिच्या पोटात ते जाणं जिवावर बेतू शकतं. त्याच्याकडे दोन मांजरी आहेत, त्यातली एक त्याच्या गालाला गाल लावून झोपते. विषय तिथेच संपला. एरंडेलाने केस चमकतात आणि जरा जाड दिसतात, नवीन केस येतात असं मी वीस वर्षांत एकदाही बघितलं नाही.

आता तो दर दहा दिवसांनी माझ्याकडे येतो. गळ्याची रेघ, गालाच्या कडा, मिशीचा ओठावर येणारा भाग, एवढंच. डावीकडचं कापलेलं छप्पर दहाव्या आठवड्यात परत भरलं, तेव्हापासून रंगाचा हात बंद केला. गोल जागेच्या वरच्या कडेला भिंगातून बघितलं तर पाच-सहा केस आता काळे दिसतात, मागच्या वर्षीच्या फोटोत ते नव्हते, त्यांचं माप मी लिहून ठेवलंय. परवा त्याच मित्रांबरोबर, तशाच डोक्यावरच्या दिव्याखाली काढलेला फोटो त्याने पाठवला, आणि या वेळी फक्त एवढंच विचारलं, "काका, उजवी मिशी टोकाला जरा कमी वाटतेय का?" वाटत होती. एक मिलिमीटर जास्त कापली गेली होती, माझ्याच हातून, मी तसं कळवलं आणि पुढच्या दोन खेपांना तिथे कातरी लावणार नाही म्हणून सांगितलं.